काळ्या जमिनीत पिवळा पडणारा संत्रा: लोह, मँगनीज आणि त्यांच्या उपायांची पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या पट्ट्यात पावसाळ्यात संत्र्याची नवती पिवळी पडू लागली की कृषी केंद्रातून बहुतेक वेळा ‘चिलेटेड लोह’ घरी येते, म्हणजे लोहाला धरून ठेवणाऱ्या, चिलेट नावाच्या रसायनात बांधलेले लोह. पुडीवर पाहिले तर ते ईडीटीए या चिलेटचे असते. शेतकरी ते आळ्यात टाकतो, पाणी देतो, आणि महिनाभराने पाने तशीच पिवळी दिसतात. औषध खोटे नसते. ते वेगळ्या जमिनीसाठी निघाले होते.

या उपायांची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. १८४४ च्या सुमारास युसेब ग्रिस यांनी पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहाच्या क्षाराचे द्रावण लावले आणि पाने पुन्हा हिरवी झाली. पिवळेपणा आणि लोह यांचे नाते त्यातून समोर आले. आपल्याकडचा हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हे त्याच परंपरेतले सर्वांत स्वस्त खत. त्यात लोह १९ टक्के असते.

तरीही हिराकस आमच्या जमिनीत टाकून उपयोग का होत नाही, हे एका साध्या हिशेबातून कळते. बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत एकूण लोह ५ टक्क्यांच्या आसपास असते. एक हेक्टरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण २० लाख किलो धरले, तर त्यात लोह झाले १ लाख किलो. त्यात २५ किलो हिराकस टाकून आपण पावणेपाच किलो लोहाची भर घालतो. जमिनीत लोह कमी नाहीच, ते विरघळत नाही ही अडचण आहे. सामू ८ च्या वर आणि सोबत चुनखडी असली की टाकलेला हिराकसही थोड्याच दिवसांत गंजासारखा तांबूस होऊन बसतो. कुजलेल्या शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून, आळ्यात पट्टा पद्धतीने दिला तर थोडा टिकतो, एवढेच.

चिलेट आले ते १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत. फ्लोरिडातल्या लिंबूवर्गीय बागांमध्ये स्ट्युअर्ट आणि लेनर्ड यांनी ईडीटीएचे लोह झाडांना दिले आणि पिवळी झाडे हिरवी झाली. पण तिथली माती रेताड आणि आम्लधर्मी होती, आणि बोर्डोसारख्या फवारण्यांतून वर्षानुवर्षे साचलेल्या तांब्यामुळे लोह अडले होते. अशा जमिनीत ईडीटीए लोहाला धरून ठेवते. सामू साडेसहाच्या वर गेला की मात्र कॅल्शियम लोहाला हुसकावून त्याची जागा घेते. आमच्याकडे चुनखडीची माती म्हणजे कॅल्शियमचे कोठारच, त्यामुळे आळ्यात टाकलेले ईडीटीए पाण्याबरोबर फिरत राहते, पण लोह त्याच्याकडून सुटलेले असते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर चुनखडीच्या जमिनींसाठीच ईडीडीएचए हे दुसरे चिलेट तयार झाले. ते सामू ९ पर्यंतही लोह सोडत नाही. पाण्यात टाकल्यावर त्याचा गडद लाल रंग येतो, तर ईडीटीएचा फिका पिवळा. दुकानातून आणलेली पुडी ओळखायला ही खूण पुरेशी आहे. ईडीडीएचए घेताना लेबलवर ‘ऑर्थो-ऑर्थो’ प्रकारातले लोह किती टक्के हे जरूर पाहावे, कारण चुनखडीत टिकतो तो मुख्यतः तेवढाच भाग. उन्हात ते खराब होते, म्हणून त्याची फवारणी करायची नाही, ते मुळांशीच द्यायचे.

निदानाचा इतिहास उपायांपेक्षा उशिराचा आहे. माती अहवालात दिसणारा, डीटीपीए या द्रावणाने मातीतून काढून मोजलेला लोह-मँगनीजचा आकडा १९७८ मध्ये लिंडसे आणि नॉर्वेल यांनी मांडलेल्या पद्धतीतून येतो. लोहासाठी साडेचार आणि मँगनीजसाठी दोन पीपीएम ही मर्यादा आपल्याकडे धरली जाते. पण लोहाच्या बाबतीत हा आकडा पुष्कळदा दिशाभूल करतो. पानाचे पृथक्करण केले तरी तेच, कारण पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्या पानाइतकेच निघू शकते. त्यातले क्रियाशील लोह तेवढे कमी असते. कट्याल आणि शर्मा यांनी १९८० मध्ये ताज्या पानातले हे क्रियाशील लोह मोजण्याची पद्धत दाखवली. आपल्या भारतीय शास्त्रज्ञांचे हे काम फार मोलाचे आहे, पण ही तपासणी सर्रास मिळत नाही. म्हणून बागेत डोळ्यांनी पाहणे आणि ब्रशची चाचणी करणे आजही सर्वांत भरवशाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, ६ बाय ६ मीटरवर लावलेली, हेक्टरी २७७ झाडांची बाग आहे. अहवाल सांगतो: सामू ८.२, मुक्त चुनखडी १२ टक्के, लोह ५.२ आणि मँगनीज १.७ पीपीएम. कागदावर लोह पुरेसे आहे. ऑगस्टमध्ये बागेत शिरल्यावर मात्र खोलगट भागातल्या झाडांची अगदी शेंड्याकडची पाने फिकट पिवळी आहेत आणि त्यांवर शिरांची बारीक हिरवी जाळी स्पष्ट उठून दिसते. ही लोहाची खूण. मागच्या नवतीच्या, पूर्ण आकाराच्या पानांवर वेगळेच चित्र आहे: मधल्या आणि मोठ्या शिरांच्या बाजूने रुंद गडद हिरवा पट्टा, मध्ये फिकट हिरवा भाग आणि कडा पुसट. हे मँगनीज. पाने लहान, अरुंद आणि डागाळ पिवळी असती तर आधी जस्ताचा विचार केला असता.

आता ब्रशची चाचणी. अर्धा लिटर पाण्यात अडीच ग्रॅम हिराकस आणि साबणाचा थेंब घालून पिवळ्या पानाच्या एकाच बाजूला लावा. दुसऱ्या फांदीवर तेवढेच मँगनीज सल्फेट, तिसरीवर नुसते साबणाचे पाणी. फांद्यांना रंगीत दोरे बांधा. आठ-दहा दिवसांनी ज्या द्रावणाची बाजू हिरवी झाली, ती कमतरता खरी. या बागेत शेंड्याची पाने हिराकसाने आणि खालची मँगनीजने सावरली असे धरू.

खोलगट भागातच लोह का अडले, याचे उत्तर पाण्यात आहे. ओल्या भारी मातीत मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. तो चुनखडी विरघळवतो आणि बायकार्बोनेट तयार होते. लोह विरघळवून घेण्याची मुळांची ताकद त्यामुळे कमी होते. म्हणून पहिले काम चर काढून पाणी बाहेर नेणे. ते न करता खत टाकणे म्हणजे दर पावसाळ्यात तोच खर्च.

त्यानंतर संपूर्ण बागेला नवती दोन-तृतीयांश वाढल्यावर हिराकसाची फवारणी. १५ लिटरच्या पंपात आधी १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल, मग ७५ ग्रॅम हिराकस. क्रम महत्त्वाचा आहे. बोअरचे पाणी बहुधा बायकार्बोनेटयुक्त असते आणि आम्लाशिवाय द्रावण पंपातच पिवळट-तांबूस होते. तसे झालेले फवारू नये. पानातले लोह पुढच्या नवतीत जात नाही, त्यामुळे १०-१५ दिवसांनी दोन-तीन वेळा फवारावे लागते आणि पुढच्या नवतीला पुन्हा.

ईडीडीएचए महाग असते. प्रत्येक झाडाला ५० ग्रॅम दिले तर हेक्टरला जवळपास १४ किलो लागेल. माझ्या मते ते फक्त खोलगट भागातल्या झाडांना द्यावे. ती ४० असली तर दोन किलोत भागते. पाण्यात विरघळवून, आळ्यातल्या मुळांच्या पट्ट्यात ओतून वर हलके पाणी द्यायचे.

मँगनीजला मात्र चिलेटचा मार्ग नाही. जमिनीत दिलेले मँगनीज ईडीटीए चुनखडीत सुटते, आणि मोकळे झालेले चिलेट लोह पकडते, त्यामुळे मँगनीजची स्थिती उलट बिघडू शकते. सल्फेटही मातीत काळ्या ऑक्साइडमध्ये बदलून बसते. म्हणून ७५ ग्रॅम मँगनीज सल्फेट, पाने जळू नयेत म्हणून ३७ ग्रॅम विरवलेला चुना, गाळून १५ लिटर पाण्यात, एवढीच पानांवरची फवारणी. चुन्यामुळे हिराकसातले लोह लगेच गाळ होऊन तळाशी बसते, तेव्हा दोन्ही एकाच पंपात घालू नये. ज्या झाडांना ईडीडीएचए दिले, त्यांच्याकडे पुढच्या नवतीत खास लक्ष ठेवावे: लोह वाढले की मँगनीजचे शोषण घटते आणि शिरांकडेचा रुंद हिरवा पट्टा तिथे आधी दिसतो.