कात्री, केबल आणि फिल्मची भोकं : पॉडकास्टच्या तीन शॉर्टकटची पार्श्वभूमी

पॉडकास्ट कापताना हात सतत तीनच कामं करत असतो. क्लिपचे दोन तुकडे करायचे, नको ती शांतता काढायची आणि उरलेला तुकडा किंचित पुढं-मागं सरकवायचा. ही तिन्ही कामं एकाच सॉफ्टवेअरमध्ये येत असली तरी त्यांची घराणी वेगळी आहेत. एक आलं रेडिओतून, एक टेलिफोनातून, एक सिनेमातून.

तुकडा करणं हे टेपचं काम. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन अभियंत्यानं टेपवर आवाज मुद्रित करणारी जर्मन मॅग्नेटोफोन यंत्रं अमेरिकेत नेली, आणि 1947 पासून बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम टेपवर मुद्रित होऊ लागला. टेप कापता येते, ही तेव्हा मोठीच सोय ठरली. संपादक दोन्ही रिळं हातानं मागंपुढं हलवून शब्दाची सुरुवात शोधायचा, मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायचा, टेप खाचेच्या ठोकळ्यात बसवून ब्लेडनं कापायचा आणि मागून चिकटपट्टी लावायचा. आकाशवाणीच्या जुन्या मंडळींनीही पाव इंची टेपवर हेच केलं.

तो काप सहसा 45 अंशांत तिरका असे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. टेप साधारण 6.3 मिलिमीटर रुंद, म्हणजे तिरका काप टेपच्या लांबीवरही तेवढाच पसरतो. सेकंदाला 38 सेंटिमीटर वेगानं टेप धावत असेल, तर एक आवाज मावळून दुसरा उगवायला साधारण 17 मिलिसेकंद मिळतात. क्रॉसफेड आपोआप व्हायचा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीमालिकेत `Ctrl+I` दाबल्यावर पडणारा काप मात्र सरळ उभा असतो. लहर शून्यापासून दूर असताना तो पडला, की जोडावर ‘टक’ ऐकू येतं. म्हणून नको तो भाग निवडला की आधी `Z` दाबावं. निवडीच्या दोन्ही कडा जवळच्या शून्यबिंदूवर सरकतात, मग भाग काढावा. तरीही टक आलं, तर जोडाच्या दोन्ही बाजूंना 10-15 मिलिसेकंदांचा फेड द्यावा. तिरक्या ब्लेडचंच काम ते करतं.

शांतता ओळखण्याचं तंत्र स्टुडिओच्याही आधी समुद्राखालच्या केबलला लागलं होतं. अटलांटिकपार पहिली टेलिफोन केबल 1956 मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या वाहिन्या मोजक्या आणि महाग. संभाषणात एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो, म्हणजे त्याची वाहिनी रिकामीच पडून असते. 1960 मध्ये तिथं बसवलेली टासी ही यंत्रणा आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ती वाहिनी दुसऱ्याच्या संभाषणाला द्यायची. पण बोलणं पुन्हा सुरू झाल्यावर मोकळी वाहिनी मिळेपर्यंत शब्दाचं सुरुवातीचं टोक कापलं जाण्याचा धोका असे.

टोक कापलं जाण्याचा तोच दोष ऑडॅसिटीतल्या, लांब शांतता आपोआप आखडणाऱ्या `Truncate Silence` मध्ये दिसतो, आणि मराठीत तो वाक्याच्या शेवटी जास्त बोचतो. आपली वाक्यं ‘आहे’, ‘होतं’ अशा क्रियापदांवर विसावतात आणि तिथं आवाज उतरतो. समजा पाहुण्या म्हणाल्या, ‘आमचं गाव कोयनेकाठी आहे’, आणि पुढं दीड सेकंद थांबल्या. पातळी –20 डेसिबल ठेवली आणि शांतता 0.1 सेकंदावर आणली, तर तो उतरलेला ‘हे’ शांततेत धरला जाऊन कापला जाऊ शकतो. ऐकताना माणूस दचकून थांबल्यासारखा वाटतो, हीच चूक झाल्याची खूण. पातळी –38 च्या आसपास न्यावी आणि निदान 0.3 सेकंद शिल्लक ठेवावेत. खोलीत पंखा चालू असेल, तर त्याचाच आवाज –38 च्या वर असू शकतो आणि मग काहीच कापलं जात नाही. अशा वेळी हातानं कापलेलं बरं.

दोघांचे दोन ट्रॅक असतील, तर एकाच ट्रॅकमधला भाग `Delete` करू नये. पुढचं सगळं डावीकडं सरकतं आणि तिथून शेवटपर्यंत उत्तरं प्रश्नाआधी येऊ लागतात. `Ctrl+Alt+K` भाग काढतं पण जागा रिकामी ठेवतं. त्या जागेत खोलीचाच रिकामा आवाज भरावा, नाहीतर पोकळी कानाला जाणवते.

सरकवण्याचं मूळ सिनेमात आहे. एका अखंड टेपवर तुकडा सुटा सरकवता येत नाही. सिनेमात मात्र चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फिल्मवर असत, आणि दोन्हींना यंत्राच्या चाकांचे दाते अडकण्यासाठी भोकं. 35 मिलिमीटर फिल्मवर फ्रेमला चार भोकं, सेकंदाला 24 फ्रेम. आवाजाची पट्टी एका भोकानं सरकवली, की तो 1/96 सेकंद, म्हणजे साधारण 10 मिलिसेकंद हलतो. प्रो टूल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नंबरपॅडवरचे `+` आणि `-` क्लिप ठरवलेल्या मापानं सरकवतात, तेव्हा तीच भोकं मोजल्यासारखं होतं. सुरुवातीला माप 10 मिलिसेकंद ठेवावं. इंटरनेटवरून घेतलेल्या मुलाखतीत ‘हो, हो’ सुमारे 300 मिलिसेकंद उशिरा पडत असेल, तर तेवढाच तुकडा कापून तीस वेळा डावीकडं दाबण्यापेक्षा माप 100 करून तीनदा दाबावं, मग 10 वर येऊन कानानं जुळवावं.