पेट्रोलचा थेंब सुकतो कुठे?

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका परवा पेट्रोलपंपावरून एक बाटली घेऊन आले. टाकीत ओतायची, व्हॉल्व्हवरचा कार्बन साफ होतो, असं तिच्यावर छापलेलं. त्यांची टर्बो पेट्रोल गाडी सत्तर हजार किलोमीटर चाललेली. सकाळी सुरू केली की मिनिटभर थरथरायची, मिसिंग मारायची आणि मग काही झालंच नाही अशी चालायची. मी म्हटलं, "काका, औषध चांगलंही असेल, पण तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं, त्यात त्याला व्हॉल्व्हपर्यंत जायला रस्ताच नाही."

जुन्या पद्धतीत, म्हणजे पोर्ट इंजेक्शनमध्ये, इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर असतो. हवा आत येण्याच्या वाटेवर तो बसवलेला असतो आणि हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल फवारतो. दाब साधारण 3 ते 4 बार, गाडीच्या टायरपेक्षा थोडाच जास्त. थेंब बरेच मोठे पडतात, पण घाई नसते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरत असलं तरी एका पूर्ण चक्राला 40 मिलिसेकंद लागतात, आणि त्यातला बराच वेळ हा व्हॉल्व्ह बंद असतो. तेवढ्यात पेट्रोल त्या तापलेल्या पाठीवर पडून वाफ होऊन तयार राहतं.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टरचं तोंड थेट सिलिंडरच्या आत असतं. इथे हवा आत ओढायलाच जेमतेम 10 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात पेट्रोलची वाफ व्हायची तर थेंब अगदी बारीक हवा आणि त्यासाठी दाब प्रचंड हवा. आजच्या गाड्यांत तो 200 ते 350 बारपर्यंत जातो. कॅमशाफ्टवर चालणारा वेगळा पंप तो तयार करतो.

एवढा खटाटोप कशासाठी? माठातलं पाणी गार होतं त्याच कारणासाठी. द्रवाची वाफ होताना उष्णता लागते आणि ती शेजारून घेतली जाते. प्रश्न एवढाच, की शेजारी कोण आहे. पोर्ट इंजेक्शनमध्ये थेंब धातूवर सुकतो, म्हणून गार होतो मुख्यतः व्हॉल्व्ह. डायरेक्टमध्ये थेंब हवेत उडता उडता सुकतो, म्हणून गार होते हवा.

किती गार? हिशेब घरी करता येतो. एक ग्रॅम पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे 350 जूल लागतात. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला 14.7 ग्रॅम हवा लागते, आणि एक ग्रॅम हवेचं तापमान एक अंशाने बदलायला साधारण एक जूल. 350 ला 14.7 ने भागा, 24 अंश आले. प्रत्यक्षात थोडे थेंब पिस्टनवर आणि भिंतीवर आपटतात, त्यामुळे थंडावा याहून कमी मिळतो. पण पुढची गंमत बघा. हीच हवा पिस्टन दहापट दाबतो तेव्हा तिचं निरपेक्ष तापमान दुपटीहून अधिक होतं. म्हणजे सुरुवातीला वाचवलेले 24 अंश दाबण्याच्या शेवटी जवळजवळ 50 होतात.

आणि नेमकं तिथेच नॉकिंग ठरतं. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक पेटलं, तर इंजिन खडखडतं. मिश्रण गार असेल तर ते आणखी दाबता येतं. दहापटीऐवजी अकरापट दाबलं तर साध्या गणिताने कार्यक्षमता पावणेतीन-तीन टक्क्यांनी सुधारते. किंवा टर्बोने जास्त हवा कोंबता येते आणि छोट्या इंजिनातून मोठ्याचं काम काढता येतं. बाजारातल्या एक लिटरच्या बऱ्याच टर्बो इंजिनांचा जोर इथून येतो. मात्र पाय जड असेल तर ॲव्हरेजचा हा फायदा टर्बोच गिळतो, हेही खरं.

आता कार्बन. व्हॉल्व्हवरची काजळी मुळात पेट्रोलची नसतेच, ती बरीचशी ऑइलची असते. पिस्टन रिंगमधून थोडा वायू खाली निसटतो आणि ऑइलची वाफ घेऊन पीसीव्ही नळीतून पुन्हा हवेच्या वाटेत येतो. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या सीलमधूनही थोडं ऑइल झिरपतं. शिवाय दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात, तेव्हा जळका वायू उलटा येतो. व्हॉल्व्हची पाठ दोनशे-तीनशे अंशांना तापलेली. त्यावर ही ऑइलची पुटं तव्यावरच्या जुन्या तेलासारखी आधी चिकट आणि मग टणक होत जातात.

दोन्ही इंजिनांत हे घडतं. फरक इतकाच, की पोर्ट इंजेक्शनमध्ये दर चक्राला पेट्रोल आणि त्यातलं डिटर्जंट व्हॉल्व्ह धुतं. डायरेक्टमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या पलीकडे पडतं. ज्या जागाबदलाने हवा गार झाली, त्याच जागाबदलाने व्हॉल्व्हची आंघोळ बंद झाली. म्हणून टाकीतली बाटली इंजेक्टरचं तोंड स्वच्छ करेल, पण व्हॉल्व्ह नाही. एक्सप्रेसवेवर गाडी ताणली की कार्बन उडून जातो, ही समजूतही या व्हॉल्व्हपुरती बंपरला लिंबू-मिरची बांधण्याच्याच पंक्तीतली. आत येणारी हवा त्याला सतत गार करते, काजळी जळेल इतका तो तापतच नाही.

काकांच्या गाडीला स्कॅनर लावला, कोड आला `P0300`. म्हणजे मिसिंग कुठल्या एका सिलिंडरला बांधलेलं नाही. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, कॉइल आलटून-पालटून पाहिल्या, फरक पडला नाही. मग हवा आत नेणारं मॅनिफोल्ड उतरवून कॅमेरा आत घातला. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती वारुळासारखे थर होते. अशा खडबडीत थरांनी हवेची वळणं बिघडतात आणि प्रत्येक सिलिंडरला सारखी हवा मिळत नाही. थंड इंजिनाला तेवढंही सोसत नाही.

उपाय गमतीदार आहे: अक्रोडाच्या कवचाचा भरडा हवेच्या दाबाने मारायचा. तो काजळीपेक्षा कठीण आणि पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे धातूला ओरखडा पडत नाही. ज्या सिलिंडरवर काम चालू असेल त्याचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह क्रँक फिरवून आधी पूर्ण बंद करावे लागतात, नाहीतर भरडा थेट पिस्टनवर. काकांची थरथर गेली, पण ऑइलची वाफ येतच राहणार, म्हणजे काही वर्षांनी थर पुन्हा बसणार.

कायमचा उपाय म्हणजे दोन्ही इंजेक्टर ठेवायचे. 2005 मध्ये आलेल्या लेक्ससच्या आयएस गाडीत एकाच सांगाड्यात दोन इंजिनं होती. अडीच लिटरच्या इंजिनात फक्त डायरेक्ट, साडेतीन लिटरच्यात डायरेक्ट आणि पोर्ट दोन्ही. कार्बनसाठी बदनाम झालं ते अडीच लिटरचं. मोठ्या इंजिनात हलक्या भाराला पोर्टचा इंजेक्टरही फवारतो आणि व्हॉल्व्ह धुतला जातो. जोर लागला की सगळं काम डायरेक्टकडे.

मारुतीचं 'ड्युअल जेट' हे असलं नव्हे, बरं का. त्यात दर सिलिंडरला दोन इंजेक्टर असतात, पण दोन्ही पोर्टमध्येच. नावावरून ठरवू नका, बॉनेट उघडा. सिलिंडर हेडला चिकटलेला मुठीएवढा पंप आणि त्यातून निघालेली जाड पोलादी नळी दिसली, तर आत डायरेक्ट इंजेक्शन आहे.