वाढीचा तक्ता (पर्सेंटाइल रेषांचा)

वाढीचा तक्ता म्हणजे बाळाचं वजन, लांबी किंवा डोक्याचा घेर वयाप्रमाणे कसा वाढतोय हे दाखवणारा आलेख, आडव्या अक्षावर वय महिन्यांत आणि उभ्या अक्षावर माप. मुलींचा वेगळा आणि मुलांचा वेगळा असतो, कारण एकाच वयाच्या मुली सरासरीने थोड्या हलक्या असतात. आपल्याकडे ५ वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात. ते भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या अंगावर दूध पिणाऱ्या निरोगी मुलांची मापं घेऊन बनवलेत, भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती, त्यामुळे "हे परदेशी बाळांचे आकडे, आपल्या बाळाला कसे लागू" ही शंका इथे टिकत नाही.

तक्त्यावर सहसा पर्सेंटाइलच्या पाच वळणदार रेषा असतात, ३, १५, ५०, ८५ आणि ९७. वयाची उभी रेघ आणि वजनाची आडवी रेघ जिथे मिळते तिथे ठिपका द्यायचा. एखाद्या मुलीचा ठिपका १५ च्या रेषेवर आला तर अर्थ एवढाच की त्याच वयाच्या १०० निरोगी मुलींपैकी साधारण १५ हिच्यापेक्षा हलक्या असतात आणि ८५ जड. हे परीक्षेचे मार्क नाहीत, ५० च्या खाली म्हणजे नापास असं काही नसतं, पण घरोघरी ते तसंच वाचलं जातं आणि मग बाळाला जबरदस्तीने भरवणं सुरू होतं. ३ च्या खाली सुद्धा १०० पैकी ३ धडधाकट मुलं असणारच, तिथे नीट तपासून बघायचं इतकंच. अंगणवाडीच्या कार्डावर पर्सेंटाइलऐवजी हिरवा, पिवळा, केशरी असे पट्टे असतात, पिवळा पट्टा साधारण २ पर्सेंटाइलच्या आसपास सुरू होतो.

एका ठिपक्यावरून मात्र फार काही कळत नाही. समजा दोन मुली आहेत, दोघी बरोबर १ वर्षाच्या, दोघींचं वजन ७.९ किलो, म्हणजे दोघी १५ च्या रेषेवर. पहिलीचं वजन ६ महिन्यांना ६.४ आणि ९ महिन्यांना ७.३ होतं, ही दोन्ही मापं पण १५ च्याच रेषेवर येतात, म्हणजे ती बारीक चणीची आहे आणि आपल्या रेषेवरून छान चाललीये. दुसरी ६ महिन्यांना ७.३ होती, म्हणजे थेट ५० वर, ९ महिन्यांना ७.६ आणि आता ७.९. वजन दर वेळी वाढलंय म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण ५० च्या रेषेवर राहायला तिला या ६ महिन्यांत साधारण १.६ किलो वाढायला हवं होतं आणि वाढलं फक्त ६०० ग्रॅम. काळजी या दुसरीची. तिचा आलेख खाली आलेला नाही, सपाट होत चाललाय, आणि हा सपाटपणा वजनाचा नुसता आकडा बघून दिसतच नाही, ठिपके जोडले की लगेच दिसतो.

पण रेषा बदलली की लगेच आजार असंही नाही. पहिल्या दोन वर्षांत बरीच बाळं रेषा बदलतात, कारण जन्माचं वजन आईच्या पोटातल्या परिस्थितीवर असतं आणि नंतर आई-बाबांकडून आलेली चण दिसायला लागते. जुलाब किंवा तापानंतर एखादा ठिपका खाली जातो आणि पुढच्या एक-दोन भेटींत परत वर येतो, तेही चालतं. तक्त्यावरच्या दोन रेषा ओलांडून खाली येणं, किंवा लागोपाठ भेटींत सपाट राहणं, हे मात्र सोडून द्यायचं नाही.

त्याआधी माप बरोबर होतं का ते बघावं, कारण निम्मा घोळ तिथेच असतो. एकदा स्वेटर-डायपरसकट वजन, पुढच्या वेळी उघड्या अंगाने, की बाळ "घटलं". काटा शून्यावर नसतो, किंवा ११ महिने २० दिवसांच्या बाळाचा ठिपका १२ वर देतात. दोन वर्षांपर्यंत झोपवून लांबी घेतात आणि नंतर उभं करून उंची, झोपवलेलं माप साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त येतं, म्हणून पद्धत बदलली की मूल आखडल्यासारखं वाटतं. आणि दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत ते दोन महिने वजा करूनच मांडायचं, नाहीतर ते कायम मागेच दिसणार.

माप पक्कं असेल तर वजनाच्या शेजारी लांबीचा तक्ता ठेवून बघतात. वजन आधी घसरलं आणि लांबी टिकून असेल तर बहुधा खाणं कमी पडतंय किंवा अंगी लागत नाहीये, दुसऱ्या मुलीच्या बाबतीत ६ महिन्यांनंतर वरचं खाणं काय आणि किती घट्ट दिलं, नुसतं वरणाचं पाणी तर नाही ना, हे आधी विचारतात, मग जुलाब, लघवीचं इन्फेक्शन, रक्त कमी असणं. उलट लांबी मागे पडतेय आणि वजन त्यामानाने बरं असेल तर थायरॉइडसारख्या हार्मोनच्या तपासण्या लागतात, तिथे जास्त खाऊ घालून लांबी वाढत नाही.