नकाशावरील अंतराचे प्रत्यक्ष लांबीत रूपांतर

घराच्या आराखड्यावर किंवा भूभागाच्या नकाशावर पट्टीने मोजलेल्या अंतराला रेखाटनाच्या प्रमाणाने गुणून जागेवरची लांबी काढण्याची रीत. प्रमाण १:१०० असेल, तर कागदावरच्या एका एककाला जागेवरची तशीच १०० एकके. पट्टीवर ज्या एककात मोजले त्यातच गुणाकार उरकून मीटर किंवा किलोमीटर शेवटी करणे सोयीचे. १:१०० च्या आराखड्यात ४२ मिमी भरलेली भिंत ४,२०० मिमी, म्हणजे ४.२ मीटर लांब असते. १:५०,००० च्या नकाशावरचे ३.४ सेंमी म्हणजे १,७०,००० सेंमी. त्याला १,००,००० ने भागले की १.७ किमी येतात.

गणित एवढेच आहे. चूक होते ती बहुधा कागदामुळे. ए३ आकाराचा आराखडा ए४ वर छापला, की प्रत्येक रेषा मूळच्या सुमारे ०.७१ पट होते. कोपऱ्यात मात्र १:१०० हेच छापलेले राहते, कारण तो नुसता मजकूर आहे. वरची ४२ मिमीची भिंत आता साधारण २९.५ मिमी भरते. तिला १०० ने गुणले तर २.९५ मीटर येतात, म्हणजे सव्वा मीटर कमी!

यावर खात्रीचा उपाय म्हणजे आराखड्यावर ज्याचे माप आकड्यात लिहिले आहे असे एखादे लांब अंतर मोजून पाहणे. समजा, बाहेरच्या भिंतीवर १२.६ मीटर लिहिले आहे आणि पट्टीवर ती ८९ मिमी भरते. १२,६०० ला ८९ ने भागले की सुमारे १४२ येतात, म्हणजे या प्रतीचे खरे प्रमाण १:१४२ आहे. आता २९.५ ला १४२ ने गुणले, की ४,१८९ मिमी, म्हणजे जवळपास ४.२ मीटर मिळतात. पडताळणीसाठी दाराची रुंदी घेऊ नये. इतक्या लहान मापात पट्टीची अर्ध्या मिलिमीटरची चूकही मोठी ठरते. प्रतीवर रेषाप्रमाण, म्हणजे खुणा केलेली प्रमाणपट्टी, असेल तर काम आणखी सोपे होते. कागदाबरोबर तीही लहानमोठी होत असल्याने तिच्यावरून घेतलेले अंतर बरोबरच येते. अट इतकीच की छपाईत आडवे आणि उभे माप सारखेच बदललेले असावे. फोटो काढून छापलेल्या प्रतीत तसे असेलच असे नाही, म्हणून तिथे दोन्ही दिशांना एकेक माप तपासावे.

पट्टीवर अर्धा मिमी इकडेतिकडे झाला, तर १:१०० वर ५ सेंमीचा आणि १:५०,००० वर २५ मीटरचा फरक पडतो. शिवाय नकाशावरचे अंतर सपाटीवरचे असते; चढाच्या वाटेची चाल त्याहून जास्त भरते. इमारतीच्या आराखड्यात जिथे माप आकड्यात लिहिलेले आहे तिथे पट्टी न लावता तो आकडाच धरतात, आणि फर्निचर बेतण्याआधी जागेवर टेप लावतात.