भूसंपादनाचा प्रश्न (मालमत्ता कायदा)

मालमत्ता कायद्याच्या परीक्षेत भूसंपादनावरचा प्रश्न बहुतेक वेळा एका गोष्टीच्या रूपात येतो. सरकार एका गावातली जमीन घेते, मालकाला मोबदला कमी वाटतो, मजुराला काहीच मिळत नाही आणि प्रकल्प खरोखर लोकांसाठी आहे का, अशी शंका असते. भारतात अशा प्रश्नाचे उत्तर २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या चौकटीत द्यावे लागते. हा कायदा १ जानेवारी २०१४ रोजी लागू झाला आणि त्याने १८९४ चा ब्रिटिशकालीन कायदा रद्द केला. कथेत तक्रारी एकत्र कालवलेल्या असतात, पण कायद्यात मोबदला, पुनर्वसन आणि सार्वजनिक प्रयोजन यांच्या मुदती व दाद मागण्याच्या जागा सारख्या नाहीत. कोणती तक्रार कधी आणि कोणापुढे न्यायची, हे ज्याने आधी लिहिले त्याचे अर्धे उत्तर तिथेच झाले.

पाया संविधानाचा आहे. ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला आणि अनुच्छेद ३००क आला : कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. हे शब्द मोघम वाटले, तरी के. टी. प्लांटेशन खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक प्रयोजन ही या अनुच्छेदाची पूर्वअट ठरवली. कोलकाता महापालिका विरुद्ध बिमलकुमार शहा (२०२४) या निकालाने नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन आणि वाजवी भरपाई यांच्यासह सात हक्क याच अनुच्छेदात वाचले.

पुढील काल्पनिक प्रश्न नमुन्यादाखल घेऊ. महाराष्ट्रातील एका गावात ३० हेक्टर जमीन शेतमाल साठवणूक आणि शीतगृहासाठी घ्यायची आहे. प्रकल्प सार्वजनिक-खासगी भागीदारीतला असून जमिनीची मालकी शासनाकडेच राहणार आहे. आराखड्यात मात्र ९ हेक्टरवर खासगी रुग्णालय आणि हॉटेल दाखवले आहे. जमीन जाणारी मालक कुटुंबे ६० आहेत आणि त्यांपैकी ४१ जणांनी संमती दिली. त्यांच्याकडे प्रकल्पाच्या क्षेत्रापैकी तीन-चतुर्थांश जमीन असल्याने संमती पुरेशी आहे, असे भूसंपादन अधिकारी म्हणतात. संमती न दिलेल्या एका शेतकऱ्याची ०.८० हेक्टर जमीन, विहीर, फळझाडे आणि शेतातले राहते घर यात जाते. त्याचा २४ वर्षांचा मुलगा त्याच घरात राहतो. गावठाणात राहणारी एक मजूर बाई पाच वर्षे याच शेतांवर राबते आणि तिचे घर त्यावरच चालते.

सुरुवात सार्वजनिक प्रयोजनापासून करावी, कारण प्रयोजनावरची हरकत टिकली तर बाकीचे निवाडे उरतच नाहीत. जुन्या कायद्यात शासनाची घोषणा हाच प्रयोजनाचा निर्णायक पुरावा होता. अधिकाराचा आडून केलेला वापर एवढाच अपवाद सोमवंती विरुद्ध पंजाब राज्य (१९६३) या निकालाने ठेवला होता. २०१३ च्या कायद्याने कलम २(१) मध्ये प्रयोजनांची यादीच दिली, त्यामुळे आव्हान अधिक नेमके करता येते. शेतमालाच्या साठवणुकीचे प्रकल्प यादीत आहेत, पण ते शासनाने, शेतकरी सहकारी संस्थेने किंवा कायद्याने स्थापन केलेल्या संस्थेने उभारलेले किंवा त्यांच्या मालकीचे असावे लागतात. पायाभूत सुविधांच्या नोंदीतून खासगी रुग्णालये, खासगी शिक्षणसंस्था आणि खासगी हॉटेले नाव घेऊन वगळली आहेत. शासनाचा वकील यावर यादीतल्या दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवेल, कारण तिथे आरोग्यसेवा आणि पर्यटनाचे प्रकल्प आहेत. यावर शेतकऱ्याचे उत्तर असे : एका नोंदीतून विशेष उल्लेखाने वगळलेली गोष्ट दुसऱ्या, सर्वसाधारण नोंदीतून आत घेतली तर वगळण्याला अर्थच उरत नाही. हा युक्तिवाद बळकट असला तरी निर्णायक नाही. शिवाय न्यायालय संपादन फक्त ९ हेक्टरपुरते रद्द करून २१ हेक्टरचे कायम ठेवू शकते. उत्तरात ही शक्यता लिहिणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो.

संमतीचा मुद्दा याहून सरळ आहे. भागीदारीच्या प्रकल्पाला किमान ७० टक्के आणि खासगी कंपनीसाठीच्या संपादनाला ८० टक्के पूर्वसंमती लागते. मोजणी कुटुंबांची होते, क्षेत्राची नाही. ६० पैकी ७० टक्के म्हणजे ४२, इथे ४१ आहेत. एका कुटुंबाची संमती कमी असल्याने संपादन पुढे जाऊ शकत नाही. मात्र या मोजणीत जमीनमालक आणि शासनाने जमीन दिलेली कुटुंबेच येतात. मजूर बाई बाधित असूनही तिची सही यात धरली जात नाही.

हे आव्हान पहिल्यांदा कलम १५ खाली नोंदवायचे असते. कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी लागते. जमिनीचे क्षेत्र व योग्यता, प्रयोजनाचे समर्थन आणि सामाजिक परिणाम मूल्यांकनाचे निष्कर्ष या तिन्हींवर हरकत घेता येते. जिल्हाधिकाऱ्याची सुनावणी नुसता उपचार ठरली, तर तोच स्वतंत्र दोष होतो. हिंदुस्थान पेट्रोलियम विरुद्ध दारियस शापूर चेनाई (२००५) खटल्यात जुन्या कायद्याच्या कलम ५अ खालील सुनावणीचा हक्क मूलभूत हक्काच्या तोडीचा मानला गेला. सिंगूर प्रकरणातील केदारनाथ यादव निकाल (२०१६) इथे बारकाईने वाचावा. दोन्ही न्यायमूर्तींनी संपादन रद्द केले, पण प्रयोजनावर त्यांचे मत जुळले नाही. एकाच्या मते जमीन कंपनीसाठीच घेतली होती. दुसऱ्याने प्रयोजन सार्वजनिक मानले, पण हरकतींची चौकशी सदोष ठरवली. म्हणून ‘सिंगूरमध्ये कारखाना सार्वजनिक प्रयोजन नाही असे ठरले’ हे उत्तरपत्रिकांत हमखास आढळणारे वाक्य अर्धेच खरे आहे.

हरकत फेटाळली गेली तर पुढचा मार्ग उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खालील रिट याचिकेचा. कलम ६३ ने दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद केला आहे. याचिका लवकर करावी, कारण निवाडा होऊन ताबा गेल्यावर न्यायालये सहसा हात घालत नाहीत. बृहन्मुंबई महापालिका विरुद्ध इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट इन्व्हेस्टमेंट कंपनी (१९९६) या निकालात विलंबाचे हेच कारण ठळक आहे. महाराष्ट्रापुरती आणखी एक खबरदारी : २०१८ च्या राज्य दुरुस्तीने काही वर्गांच्या प्रकल्पांना सामाजिक परिणाम मूल्यांकनातून सूट देता येते. तशी अधिसूचना आहे का, हे प्रश्नात आधी शोधावे. आपल्या नमुन्यात ती नाही असे धरू.

मोबदल्याचे गणित कलम २६ ते ३० मध्ये आहे. रेडी रेकनरचा दर, गेल्या तीन वर्षांच्या खरेदीखतांतली सरासरी आणि भागीदारी किंवा खासगी प्रकल्पात संमतीने ठरलेली रक्कम, यांपैकी जो आकडा सर्वांत मोठा तो बाजारभाव. खरेदीखतांची सरासरी सरसकट काढायची नसते. सारख्या जमिनीची खते घ्यायची, किमतीप्रमाणे लावायची आणि वरच्या निम्म्यांचीच सरासरी धरायची. समजा सात खते आहेत. एक हमरस्त्यालगतच्या दोन गुंठे बिनशेती प्लॉटचे असून त्याचा दर फुगलेला आहे, ते सारख्या जमिनीचे नसल्याने बाजूला जाते. उरलेल्या सहांचे हेक्टरी दर १८, २२, २५, ३०, ३२ आणि ३४ लाख रुपये. वरच्या तिघांची सरासरी ३२ लाख. रेडी रेकनर २० लाख आणि संमतीचा दर २८ लाख असेल, तर ३२ च धरायचे.

०.८० हेक्टरचे २५ लाख ६० हजार रुपये झाले. ग्रामीण भागात याला गुणक लागतो. केंद्रीय कायद्यात तो १ ते २ च्या दरम्यान आहे, नेमका आकडा राज्याच्या अधिसूचनेत असतो आणि तो बदलत आला आहे. इथे २ दिला आहे असे समजू, म्हणजे ५१ लाख २० हजार. विहीर, झाडे आणि घराचे ४ लाख ८० हजार मिळवले की ५६ लाख होतात. यावर शंभर टक्के दिलासा रक्कम येते, तेव्हा १ कोटी १२ लाख. गडबड होते ती याच पायरीवर : दिलासा फक्त जमिनीवर धरून विहीर-झाडे सोडून दिली जातात. कलम ३० दिलासा संपूर्ण भरपाईच्या रकमेवर देते. शेवटी सामाजिक परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत, किंवा ताबा त्याआधी गेला तर ताब्यापर्यंत, बाजारभावावर वार्षिक १२ टक्के. हा काळ दीड वर्षाचा असेल तर गुणकाआधीच्या २५ लाख ६० हजारांवर ४ लाख ६० हजार ८०० रुपये होतात. एकूण १ कोटी १६ लाख ६० हजार ८०० रुपये.

अधिकाऱ्याने रेडी रेकनरवरच निवाडा केला, तर शेतकऱ्याने रक्कम हरकत नोंदवून उचलावी आणि कलम ६४ खाली प्राधिकरणाकडे संदर्भ मागावा. निवाड्याच्या वेळी तो हजर असेल तर मुदत निवाड्यापासून सहा आठवडे. प्राधिकरण जमिनीची मोजणी, रक्कम, वाटणी आणि पुनर्वसनाचे हक्क तपासते, सार्वजनिक प्रयोजन तपासत नाही. प्राधिकरणापुढे ‘प्रकल्पच खोटा आहे’ असा युक्तिवाद लिहिणाऱ्याचे गुण तिथेच जातात.

पुनर्वसन ही मोबदल्यावरची मेहेरबानी नाही. दुसऱ्या अनुसूचीतले हे स्वतंत्र देणे असून त्याचा वेगळा निवाडा कलम ३१ खाली होतो. एन. डी. जयाल निकालाने (२००४) पुनर्वसन अनुच्छेद २१ शी जोडले होते, तरी उत्तराचा भार अनुसूचीवरच ठेवावा, कारण तिथे आकडे आहेत. प्रत्येक बाधित कुटुंबाला नोकरी, एकरकमी ५ लाख रुपये किंवा २० वर्षे दरमहा २,००० रुपयांचे महागाईशी जोडलेले वर्षासन यांतून निवड मिळते. तीन वर्षांहून अधिक काळ त्या भागात काम करणारी आणि त्यावरच मुख्यतः जगणारी मजूर बाई भूमिहीन असूनही बाधित कुटुंब आहे, त्यामुळे तिला ही निवड आहे. सातबाऱ्यावर तिचे नाव कधीच नसते. शिधापत्रिका, मतदार यादी, ग्रामसभेतले जबाब आणि कलम १६ च्या सर्वेक्षणातली नोंद यांवरच तिचा दावा उभा राहतो. सर्वेक्षणाची यादी प्रसिद्ध झाल्यावर तिथेच नाव आहे का, हे पाहणे म्हणून महत्त्वाचे.

तिचे गावठाणातले घर मात्र शाबूत आहे. ती बाधित आहे, विस्थापित नाही. वर्षभर दरमहा ३,००० रुपयांचा निर्वाह भत्ता आणि ५०,००० रुपये वाहतूक खर्च विस्थापितांना मिळतात, ते शेतकऱ्याला, कारण त्याचे राहते घर गेले. ५०,००० रुपयांचा पुनर्वसाहत भत्ता मात्र प्रत्येक बाधित कुटुंबाला असल्याने तो तिलाही मिळतो. त्याचा मुलगा सज्ञान असल्याने कायद्याच्या व्याख्येत वेगळे कुटुंब ठरतो. वडिलांच्या कुटुंबात त्याला गुंडाळून एकच संच दिला, तर ती कलम ६४ खालची तक्रार होते.

ताबा घेण्याआधी कलम ३८ पाहावे लागते. निवाड्यापासून तीन महिन्यांत मोबदला, सहा महिन्यांत पुनर्वसनाच्या रकमा आणि अठरा महिन्यांत पुनर्वसाहतीच्या सुविधा द्यायच्या आहेत. मोबदला आणि पुनर्वसनाच्या रकमा पूर्ण चुकत्या झाल्या आहेत याची खात्री करूनच जिल्हाधिकारी ताबा घेऊ शकतो. शेतकऱ्याचे पैसे खात्यात जमा झाले, पण मजूर बाईचे राहिले, अशा स्थितीत पोलीस बंदोबस्तात जेसीबी लावला गेला, तर ताब्याला स्थगिती मागण्यासाठी हा थकलेला हप्ता प्रयोजनाच्या मोठ्या वादापेक्षा उच्च न्यायालयात अधिक उपयोगी पडतो.