धोब्याची यादी आणि काळा पडदा

जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत इझाबेला आपल्या नव्या मैत्रिणीला, सतरा वर्षांच्या कॅथरीनला, पुढे वाचायच्या सात भयकादंबऱ्यांची नावे वाचून दाखवते. ‘मिडनाइट बेल’, ‘हॉरिड मिस्टरीज’, ‘ऑर्फन ऑफ द ऱ्हाइन’... ही नावे इतकी भडक आहेत की पुढे कित्येक वर्षे अनेक वाचकांना ती ऑस्टेनने गमतीखातर रचलेली वाटत राहिली. १९२०च्या दशकात मायकेल सॅडलरसारख्या ग्रंथसंग्राहकांनी शोध घेतला, तेव्हा सातही पुस्तके खरी असल्याचे स्पष्ट झाले. ती सगळी १७९३ ते १७९८ या काळातली होती. म्हणजे ज्यांची टिंगल चालली आहे ती पुस्तके खरीच होती, हेसुद्धा माहीत नसताना लोक या कादंबरीवर मनापासून हसत होते.

ही अडचण ऑस्टेनला आधीच दिसली होती. कादंबरी लिहिली १७९८-९९च्या सुमारास, भयकादंबऱ्यांची लाट ऐन भरात असताना. १८०३मध्ये लंडनच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित १० पौंडांना घेतले, जाहिरातही केली आणि छापले मात्र नाही. १८१६मध्ये तेवढेच पैसे मोजून ते परत मिळवावे लागले. तेव्हा तिने एक छोटे निवेदन लिहिले: मधल्या तेरा वर्षांत स्थळे, रीतिरिवाज, पुस्तके आणि मते पुष्कळ बदलली आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुस्तक निघाले डिसेंबर १८१७मध्ये, तिच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी.

मग ते टिकले कसे? माझ्या मते याचे उत्तर एकाच प्रसंगात सापडते.

कॅथरीन तेव्हा ॲन रॅडक्लिफच्या ‘मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ने (१७९४) झपाटलेली आहे. त्यात नायिका एक काळा पडदा बाजूला सारते आणि बेशुद्ध पडते. मागे काय होते, ते वाचकाला थेट शेवटाकडे कळते: मेणाचा पुतळा. रॅडक्लिफच्याच आधीच्या एका कादंबरीत पडक्या मठात नायिकेला एका कैद्याचे हस्तलिखित सापडते. या दोन्ही गोष्टी ठाऊक नसल्या तरी चालते, कारण टिल्नी कुटुंबाच्या नॉर्थँगर या घरी जाताना गाडीत त्या घरचा तरुण मुलगा हेन्री टिल्नी कॅथरीनला तसलीच एक कथा रचून सांगतो: अंधारी खोली, वादळ, काळे कपाट, आत गुंडाळलेले कागद आणि नेमका त्याच क्षणी विझणारा दिवा. ज्याची थट्टा करायची, त्याचा नमुना कादंबरीच आपल्या हाती ठेवते.

त्याच रात्री कॅथरीनच्या खोलीत खरोखरच एक काळे कपाट निघते. बाहेर वादळ असते. किल्ली फिरता फिरत नाही, शेवटी दार उघडते आणि कागद हाती लागतात. मेणबत्तीची काजळी झाडायला जावे तर तीच विझते. रात्र तळमळत जाते. सकाळी पाहते तर धोब्याकडे दिलेल्या शर्ट-मोज्यांच्या याद्या आणि आजारी घोडीवरच्या उपचाराचे बिल. किल्ली अडत होती, कारण कपाट मुळात उघडेच होते. कुलूप तिनेच लावले होते.

इथे हसू येते ते रॅडक्लिफ आठवल्यामुळे नव्हे. वाक्यांची धाप आणि हाती लागलेली वस्तू यांचा मेळ बसत नाही, म्हणून येते. जुन्या शैलीची नक्कल ओळखायची खूणही हीच: भाषा प्रसंगापेक्षा एकदम उंच चढली, की लेखिका दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात बोलते आहे. अशा जागी तळटिपेकडे धावू नये. आधी तो आवाज ऐकावा, प्रकरण संपवावे. टिपा मग वाचल्या तर त्यांची गोडी वाढते. हेन्रीची कथा तर निव्वळ विडंबनही नाही. त्याने ‘उडोल्फो’ दोन दिवसांत संपवली होती, अंगावर काटा वागवत. आवडत्या शैलीची ती प्रेमाने केलेली नक्कल आहे, आणि लेखिकेचा जिव्हाळाही मला तिथेच जाणवतो.

मूळ पुस्तके माहीत नसली तर थोडे निसटते, हे खरे. हेन्रीच्या वडिलांना, जनरल टिल्नींना, पाहून कॅथरीनला ‘उडोल्फो’मधला खलनायक माँटोनी आठवतो, तेव्हा त्या नावामागचा दरारा आपल्यापर्यंत तितकासा पोहोचत नाही. पण त्याहून मोठी चूक जाणत्या वाचकाकडून होते: सगळेच विडंबन समजून तो पुढच्या भागातही हसत राहतो. जनरलांनी बायकोचा खून केलेला नाही, कॅथरीनचा संशय पोरकट ठरतो. मात्र ही मुलगी आपण समजलो तितकी श्रीमंत नाही, हे कळताच तेच जनरल तिला दुसऱ्या दिवशी सकाळी घराबाहेर काढतात. सोबत नोकर नाही, भाड्याची गाडी आणि ७० मैलांचा एकटीचा प्रवास. हे ऑस्टेन कुणाचाही आवाज न घेता, साध्या भाषेत सांगते. आणि शेवटी, सारे कारण कळल्यावर, कॅथरीनला वाटते की खुनाचा संशय घेऊनही आपण या माणसावर फारसा अन्याय केला नव्हता.