पोटॅशियम वाढलंय, पण नक्की कुठे?

डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स करणाऱ्या मुलांच्या वहीत पहिल्याच पानावर एक तक्ता चिकटवलेला असतो. तपासणीचं नाव, त्यापुढे नॉर्मल रेंज, मग 'जास्त असेल तर' आणि 'कमी असेल तर' असे दोन रकाने. सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५.१, दोन्ही मिलिमोल प्रति लिटरमध्ये. क्रिएटिनिन ०.६ ते १.२ मिलिग्रॅम. साताऱ्यात शिकवताना बघतो, तोंडी परीक्षेला हा तक्ता मुलं घडाघडा म्हणतात. पोटॅशियम जास्त म्हटलं की उत्तर तयार: किडनी निकामी, ॲडिसनचा आजार, नाहीतर टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं. उत्तर बरोबरच आहे. पण तक्त्यात एक रकाना हवा होता आणि तो नाही. रक्त काढल्यापासून मशीनला लागेपर्यंत त्या नळीचं काय झालं, हा तो रकाना.

वर्गात सोडवायला देतो ते उदाहरण असं. महाबळेश्वरकडच्या गावातला ५४ वर्षांचा शेतकरी, बीपीसाठी टेल्मिसार्टनची गोळी चालू. सकाळी ८ वाजता कलेक्शन सेंटरवर प्लेन नळीत रक्त काढलं. सॅम्पल नेणारा मुलगा संध्याकाळी येणार, म्हणून नळी जशीच्या तशी फ्रिजमध्ये ठेवली. केळघर घाट उतरून, मेढ्यावरून ती साताऱ्यात पोचली तेव्हा ७ वाजले होते. लॅबमध्ये लगेच सेंट्रिफ्यूज केली, म्हणजे जोरात फिरवून रक्तपेशी खाली बसवल्या, आणि वर राहिलेलं पाणी म्हणजे सीरम मशीनला लावलं. पोटॅशियम ६.४. सोडियम १३९, क्रिएटिनिन ०.९, कॅल्शियम ९.३. सीरम स्वच्छ, फिकट पिवळं, गुलाबी छटा अजिबात नाही. हिमोलिसिस म्हणजे तांबड्या पेशी फुटणं, तसं झालं की सीरम गुलाबी होतं. म्हणून बहुतेक मुलं लिहितात, 'हिमोलिसिस नाही, किडनी ठीक, म्हणजे औषधाचा परिणाम.'

आता त्या नळीच्या आत बघू. सीरममध्ये पोटॅशियम असतं साधारण ४, आणि तांबड्या पेशीच्या आत साधारण १००. एवढा फरक असल्यावर पोटॅशियम सारखं बाहेर झिरपत राहतं, आणि पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप ते सारखं परत आत ओढतो. दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना हा पंप शोधला आणि त्यासाठी १९९७ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गच्चीवरची गळकी टाकी मोटर चालू आहे तोवर भरलेली दिसते, लोडशेडिंग झालं की पातळी उतरायला लागते. पेशीचंही तसंच आहे. गळती नेहमीचीच असते, ती झाकलेली असते पंपामुळे.

हा पंप म्हणजे एक एन्झाइम, आणि ते ३७ अंशांना काम करायला बनलेलं. फ्रिजच्या ४ अंशांना ते जवळजवळ थांबतं. गळती मात्र थंडीने त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून तास जातील तसं पोटॅशियम पेशीतून सीरममध्ये येत राहतं. पेशी फुटत नाहीत, हिमोग्लोबिन बाहेर पडत नाही, सीरम गुलाबी होत नाही. डोळ्यांना काहीच कळत नाही.

किती पोटॅशियम बाहेर यावं लागतं, याचा हिशोब मला फार आवडतो. एक लिटर रक्तात ४५ टक्के पेशी धरा. पेशींमध्ये मिळून झालं ४५ मिलिमोल पोटॅशियम. उरलेल्या ०.५५ लिटर सीरममध्ये पातळी ४.३ वरून ६.४ वर न्यायची तर २.१ गुणिले ०.५५, म्हणजे सुमारे १.१५ मिलिमोल पुरतं. पेशींतल्या साठ्याच्या जेमतेम अडीच टक्के! एवढी गळती झाली की नॉर्मल माणूस कागदावर इमर्जन्सी होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच शेतकऱ्याचं रक्त परत काढलं. अर्धा तास गोठू दिलं, तासाच्या आत सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं केलं. पोटॅशियम ४.३, ईसीजी नॉर्मल. गोळीचा दोष नव्हता. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून ती गोळी बंद केली असती तर बीपी चढलं असतं. पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन-ग्लुकोज दिलं असतं तर नॉर्मल असलेलं पोटॅशियम खरोखरच खाली गेलं असतं.

म्हणून पोटॅशियमसाठी न सेंट्रिफ्यूज केलेली नळी फ्रिजमध्ये ठेवायची नाही. दोन तासांच्या आत सीरम वेगळं करायचं, मगच थंड ठेवायचं. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वर-पाचगणीहून मोटरसायकलच्या डिक्कीतून सॅम्पल येतं, तेव्हा फ्रिज नसला तरी थंडी लागतेच. उन्हाळ्यात सांगली-मिरजेकडे उलटा प्रकार होतो. उष्णतेत पंप जोरात चालतो, सुरुवातीला पोटॅशियम थोडं कमीच दिसतं. नळीतली साखर संपली की एटीपी संपतं, आणि मग तेही वाढू लागतं.

पोटॅशियम खोटं वाढण्याचं दुसरं कारण वेगळं आहे आणि ते पकडायला सोपं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेलं असतं आणि ते पोटॅशियमचंच क्षार असतं. सिरिंजने आधी जांभळी नळी भरून मग तिथे टेकलेल्या त्याच सुईने प्लेन नळी भरली, किंवा प्लेन नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं ओतलं, तर पोटॅशियम ८-९ सुद्धा दिसेल. पण ईडीटीए कॅल्शियमला पकडून ठेवतं, म्हणून कॅल्शियम ५-६ वर आलेलं असतं. अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमला लागणारे जस्त आणि मॅग्नेशियमही ते काढून घेतं, त्यामुळे तोही पडतो. पोटॅशियम भलतंच जास्त, कॅल्शियम भलतंच कमी आणि पेशंट स्वतः चालत आलेला, ही तिन्ही एकत्र दिसली की रिपोर्टवर सही न करता नवीन सॅम्पल मागवायचं. आपल्या शेतकऱ्याचं कॅल्शियम ९.३ होतं, म्हणून हे कारण तिथे बसत नाही.

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजबद्दलही इथेच बोललं पाहिजे. नॉर्मल रेंज बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के घेऊन ठरवतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचा एखादा तरी आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के येते. 'अमुक तपासण्या अमुक रुपयांत' अशी जाहिरात करणारे हे कधीच सांगत नाहीत. लोक मात्र लाल अक्षरातला आकडा बघून केळी आणि नारळपाणी सोडून देतात. किडनी चांगली असेल तर जेवणातलं जादा पोटॅशियम ती लघवीवाटे काढून टाकते.

पण मुलांना मी सगळ्यात जास्त सावध करतो ते ६.४ बद्दल नाही. तसा आकडा आला की निदान कोणीतरी दचकतं, फोन करतं, परत तपासतं. भीती ४.२ ची आहे. जुलाब-उलट्यांनी बेजार झालेली किंवा लघवीची गोळी घेणारी एखादी बाई, शरीरातलं खरं पोटॅशियम २.८, हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका. तिची नळी फ्रिजमध्ये बसली आणि १.४ ची भर पडली. रिपोर्टवर ४.२ येतं, अक्षर काळंच राहतं. हे चुकलंय हे मशीनला कळत नाही, डॉक्टरांना कळत नाही, तक्त्यालाही कळत नाही. हे फक्त नळीवर लिहिलेल्या दोन वेळांवरून कळतं, रक्त किती वाजता काढलं आणि सीरम किती वाजता वेगळं केलं. त्या दोन वेळा नसतील तर पोटॅशियम लावायचं नाही, नवीन सॅम्पल मागायचं.